मदत हवी आहे: जुन्या फाउंटन पेनाचा ऑनलाइन लिलाव. सुरुवातीची बोली आणि रिझर्व्ह किती ठेवू?

शाईचा_डाग
काकांकडून आलेलं जुनं पेन विकायचं आहे. निब मूळचीच आहे, पण टोपणाला कडेपाशी केसाएवढी चीर आहे. उजेडात आडवं धरलं तरच दिसते. खरे आकडे सांगत नाही. बिनचिरेच्या पेनाचा भाव १०० धरा. जुनी पेनं घेणारा एक व्यापारी रोख ५५ देतोय. लिलावाच्या साइटची दलाली शेकडा १३, पॅकिंग वगैरे ३. रिझर्व्ह लावला तर त्याचे वेगळे ४, आणि पेन विकलं नाही तरी ते परत मिळत नाहीत. १० पासून सुरू करून ८० चा रिझर्व्ह ठेवू का?

पत्तेवाला
बिनधास्त १ पासून सुरू करा, रिझर्व्ह नको. स्वस्तात दिसलं की लोक जमतात आणि मग ईर्षेने चढत जातात. माझी खेळाची कार्डं कायम अशीच जातात.

मीनल_क
रिझर्व्ह म्हणजे ज्या किमतीला लगेच विकत घेता येतं तीच ना? मग ८० कमीच वाटतात, ११० ठेवा.

जुना_बोरू
मीनलताई, ती वेगळी सोय. रिझर्व्ह ही झाकलेली मूठ असते. बोली तिथवर पोचली नाही तर विकायचं बंधन नाही, एवढंच.

पत्तेवाल्यांचं त्यांच्या कार्डांपुरतं खरं आहे, कारण तिथे गिऱ्हाईक भरपूर. लिलावातली किंमत सगळ्यात हौशी माणूस ठरवत नाही, त्याच्या खालचा दुसरा ठरवतो. पहिल्याने मनात १२० धरले आणि दुसरा ४० ला थांबला, तर पेन चाळिसाच्या जरा वर जाणार. म्हणून आधी बघा, अशा पेनावर बोली लावणारी वेगवेगळी माणसं किती असतात. बोलींची संख्या बघू नका.

आणि भाव ठरवताना विकल्या गेलेल्या वस्तूच बघा. न विकलेल्यांवर लोक वाट्टेल ते आकडे टाकतात.

शाईचा_डाग
आत्ताच बघितलं. पूर्वी विकलेली अशी पाच पेनं सापडली: १००, ९६, ९२, ७० आणि १४०. ७० वाल्याला चीर होती, १४० वाल्यासोबत मूळ डबी. ९६ वाल्यावर १४ बोली दिसल्या म्हणून खूश झालो, पण इतिहास उघडला तर माणसं तीनच! त्यातल्या एकाने एकट्याने नऊ वेळा थोडं थोडं वाढवलं होतं.

जुना_बोरू
म्हणजे बाजार पातळ आहे. १ पासून सुरू करणं हा जुगार होईल.

आता तुमची तळाची रेघ काढू. ६७ ला विकलं तर दलाली जाऊन ५८ च्या वर उरतात, त्यातून पॅकिंगचे ३ वजा, म्हणजे ५५ आणि थोडे. ६६ ला व्यापाऱ्यापेक्षा कमी पडतात. तेव्हा ६७ च्या खाली विकायचंच नाही. मी असतो तर त्याच्या किंचित वर, ७० ला उघड सुरुवात केली असती आणि रिझर्व्ह लावला नसता. ८० चा रिझर्व्ह तर नकोच, चिरेचं पेन ७० ला गेलंय.

झाकलेल्या रिझर्व्हबद्दल एक प्रयोगही झाला आहे. पोकेमॉन कार्डांच्या ५० सारख्या जोड्या लिलावात ठेवल्या, एकावर उघड किमान बोली, दुसऱ्यावर तेवढाच गुप्त रिझर्व्ह. गुप्त रिझर्व्हवाली कार्डं कमी विकली गेली.

दौत
अनुभवाने सांगते, पटतंय. माझ्या जुन्या घड्याळावर रिझर्व्ह होता. रोज एक जण विचारायचा, "रिझर्व्ह किती?" मी काही सांगितलं नाही. बोली तिथवर गेली नाही, मग पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नेहमीची मंडळी फिरकलीच नाहीत, 'याच्यात काहीतरी खोट असणार' असं वाटलं असेल. शेवटी व्यापाऱ्याला दिलं, आधी नाकारलेल्या भावापेक्षा खाली.

पत्तेवाला
मग १ पासून सुरू करा आणि पडायला लागलं तर मित्राला एक-दोन बोली लावायला सांगा. कोण बघतंय?

जुना_बोरू
हे करू नका. साइट खातं बंद करते, काही ठिकाणी तो गुन्हाही आहे. शिवाय मित्रच जिंकला तर पेन घरात आणि दलालीचं बिल डोक्यावर.

दौत
७० बद्दल मला शंका आहे. सुरुवातच तळाच्या वर ठेवली आणि एकही बोली आली नाही तर? चिरेचं पेन नेमकं ७० लाच गेलंय ना?

जुना_बोरू
रास्त शंका आहे. एका विक्रीवरून चिरेचा भाव ठरत नाही, ते पेन इतर बाबतीत कसं होतं हे आपल्याला माहीत नाही. ७० ला पडून राहील हा धोका मी घेतला असता, कारण ५५ वाला हाताशी आहे. तो तितके दिवस थांबेल का, हे मात्र आधी विचारून घ्या.

शाईचा_डाग
विचारलं. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. लिलाव सात दिवसांचा, म्हणजे जमेल. ७० लावतोय, रिझर्व्ह नाही. चिरेचा फोटो उजेडात आडवा धरून काढलाय, पण पहिला ठेवू की शेवटी? पहिला ठेवला तर लोक उघडणारच नाहीत असं बायको म्हणते.