मदत हवी आहे: उणे २० च्या खोलीची फरशी मधोमध फुगतेय

रत्नागिरीजवळ आमची मासळीची कोल्ड रूम आहे. फरशी मधोमध वर आलीये, दार घासतंय. कोपऱ्यात खोदून पाहिलं तर थर्मोकोल ओलाचिंब, आणि प्लास्टिकचा कागद त्याच्या वर! तो हवा खाली, जमिनीच्या उबदार बाजूला. आता जमिनीतली वाफ थेट थर्मोकोलमध्ये शिरून गोठते. ठेकेदार म्हणतो, वरून आणखी थर टाकू. पण त्याने थंडी खालच्या जमिनीत उशिरा उतरेल, थांबणार नाही, आणि जमीन गोठून फरशी उचलतच राहील. खालून ऊब द्यावीच लागेल ना? हवेचे पाइप ठेवले तर पावसाळ्यात पाण्याने तुंबतील. स्लॅब न फोडता, बाजूने आडवी भोकं पाडून कोमट ग्लायकॉलचे पाइप कोणी घातलेत का? आणि खालचा बर्फ किती सावकाश वितळवावा, म्हणजे फरशी खचणार नाही?