प्रतिसाद: ॲओरिस्ट म्हणजे निव्वळ भूतकाळ नव्हे

«शुभवर्तमानातील कथनात ॲओरिस्ट दिसला की साधा भूतकाळ समजून पुढे जावे का?»

ॲओरिस्ट हा शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीक भाषेतील क्रियापदाचा एक रूपप्रकार आहे. कथनात तो बहुधा भूतकाळच सांगतो, पण त्याचे मुख्य काम वेगळे आहे. मार्क ५:४२ मध्ये याईराची मुलगी ‘उठली’ यासाठी ‘अनेस्ते’ हा ॲओरिस्ट आहे, तर लगेच पुढे ‘चालू लागली’ यासाठी ‘पेरिएपातेइ’ हा अपूर्ण भूतकाळ आहे. दोन्ही क्रिया भूतकाळातल्याच असल्याने फरक काळाचा असू शकत नाही; उठणे एक अखंड घटना म्हणून बाहेरून पाहिले आहे आणि चालणे मात्र चालू असताना आतून दाखवले आहे. म्हणूनच ॲओरिस्ट कथेचा सांगाडा पुढे नेतो आणि अपूर्ण भूतकाळ आपल्याला त्या खोलीत थांबवतो.

याहून बोलके उदाहरण मार्क १:११ चे आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणीतले ‘एउदोकेसा’ हे रूप ॲओरिस्टच आहे, तरीही ‘तुझ्याविषयी मी संतुष्ट होतो, आता नाही’ असा अर्थ कोणी घेत नाही. मात्र ॲओरिस्ट दिसताच ‘एकदाच आणि कायमचे’ असा सिद्धान्त काढणे हीही तितकीच मोठी चूक आहे, कारण योहान २:२० मध्ये मंदिराच्या ४६ वर्षांच्या बांधकामालाही ॲओरिस्टच वापरला आहे.