उकिडवं बसताना मागे पडणं

> गुडघे पूर्ण वाकतात, दुखतही नाहीत. तरी उकिडवं बसलो की टाचा उचलल्या जातात, नाहीतर मागे पडतो. असं का?

आमच्या मेहुण्यांचं हेच होतं. सोलापुरात टॉवेलच्या मागावर दिवसभर उभं राहायचं काम, आणि उजवा घोटा जुना मुरगळलेला. खाली बसताना शरीराचा भार पावलांवरच राहायला हवा. त्यासाठी नडगी घोट्यातून पुढे झुकावी लागते. ती अडली की बूड मागेच राहतं. मग तोल सांभाळायला खुब्यातून जास्त वाकावं लागतं, आणि खुबाही आखडलेला असला की माणूस मागे कलंडतो. गुडघा बिचारा मोकळाच असतो!

भिंतीसमोर टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. अंगठा साधारण 10 सेंमी दूर ठेवून जमलं तर घोटा ठीक. मेहुण्यांचा डावा 11 ला टेकला, उजवा 4 लाच अडला. टाचांखाली चादरीची घट्ट घडी ठेवली तर लगेच नीट बसले, म्हणजे अडचण घोट्यातच. घडी ठेवूनही जमत नसेल तर खुबा तपासा: उताणं झोपून गुडघे छातीकडे घ्या. जांघेत टोचून अडत असेल किंवा घोट्याच्या पुढच्या बाजूला टोचत असेल, तर ताण देत बसू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.