विभव ‘व्यस्त प्रमाणात’ बदलतात, हे म्हणणं बरोबर आहे का?

अबोली
पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या टिपणांचं मराठीकरण करते आहे. गिब्ज-ड्यूहेम समीकरणापाशी एका वाक्यावर अडले. माझं वाक्य असं आहे: ‘तापमान आणि दाब स्थिर असताना द्विघटकी मिश्रणातल्या दोन घटकांचे रासायनिक विभव परस्परांच्या व्यस्त प्रमाणात बदलतात.’ टिपणात खाली समीकरण आहे:

x₁dμ₁ + x₂dμ₂ = 0

x म्हणजे मोल-अपूर्णांक, μ म्हणजे विभव. वाक्य कानाला ठीक वाटतं, पण समीकरणाकडे पाहिलं की शंका येते. ‘व्यस्त’ शब्द इथे चालेल का? आणि ‘विभव’ बरा की ‘वर्चस्’?

तळटीप
‘व्यस्त प्रमाण’ सरळ सरळ चूक. शाळेतलं उदाहरण आठवा: मजूर दुप्पट केले की दिवस निम्मे लागतात. म्हणजे दोन राशींचा गुणाकार कायम राहतो. इथे μ₁ आणि μ₂ चा गुणाकार कायम राहतो असं कुठेच म्हटलेलं नाही. समीकरणात बेरीज आहे आणि ती शून्य आहे. तेव्हा ‘एकाचा विभव जितका वाढतो तितकाच दुसऱ्याचा घटतो’ असं लिहा. सोपं आणि नेमकं.

पेठकर
तळटीप, तुमचा आक्षेप पटला, पण सुचवलेलं वाक्य मूळ वाक्याइतकंच फसवं आहे. ‘तितकाच’ हा शब्द काढायला हवा. समीकरणात dμ च्या आधी x बसलेला आहे, तो तिथे उगाच नाही.

बेंझीन-टोल्यूइन घेऊ, कारण ही जोडी जवळजवळ आदर्श वागते आणि हिशेब कागदावर होतो. तापमान २५ अंश सेल्सिअस, म्हणजे RT साधारण २४७९ जूल प्रति मोल. बेंझीनचा मोल-अपूर्णांक ०.१० वरून ०.११ केला. बेंझीनचा विभव RT ln(०.११/०.१०) इतका, म्हणजे सुमारे २३६ जूलनी वाढला. टोल्यूइन ०.९० वरून ०.८९ वर आलं, त्याचा विभव घटला फक्त २८ जूलनी. एकीकडे २३६, दुसरीकडे २८. ‘तितकाच’ कुठे राहिलं?

आता तेच पाऊल मधोमध टाका, ०.५० वरून ०.५१. बेंझीन ४९ जूलनी वर, टोल्यूइन ५० जूलनी खाली. (तो एका जूलचा फरक पाऊल लहान केलं की मिटतो.) तुमचं वाक्य त्या एका ठिकाणी, निम्म्या-निम्म्या मिश्रणापाशीच, खरं आहे.

अबोली
म्हणजे दिशा नेहमी उलट, पण माप वेगळं. मग माप ठरवतं कोण?

पेठकर
प्रमाण. पहिल्या उदाहरणात २३६ भागिले २८ करा, साधारण साडेआठ येतात. त्या पावलाच्या मधोमध टोल्यूइन ०.८९५ आणि बेंझीन ०.१०५, त्यांचं गुणोत्तरही साडेआठच. जो घटक थोडा आहे त्याचा विभव जोरात हलतो. जो भरपूर आहे त्याचा जेमतेम.

गंमत म्हणजे ‘व्यस्त’ शब्द इथे आहेच, फक्त तुम्ही तो भलत्या जागी लावला. विभव एकमेकांच्या व्यस्त प्रमाणात नाहीत. विभवांतले *बदल* घटकांच्या *मोलसंख्यांच्या* व्यस्त प्रमाणात आहेत, आणि चिन्हं विरुद्ध.

तळटीप
मान्य. पण मग एक विचारतो. हे असंच का असावं? वाक्य सुधारायचं तर कारण कळायला हवं, नाहीतर नुसती शब्दांची अदलाबदल होते.

पेठकर
कारण हिशेबातच आहे. मिश्रणाची एकूण गिब्ज ऊर्जा n₁μ₁ + n₂μ₂, n म्हणजे मोलसंख्या. तापमान-दाब न हलवता दोन्ही घटक चिमूटभर घातले, तर ही ऊर्जा μ₁dn₁ + μ₂dn₂ इतकी वाढते. घातलेल्या घटकाच्या दर मोलामागची ही वाढ, तोच त्याचा विभव. पण वरच्या बेरजेचा पूर्ण बदल गणिताच्या नियमाने काढलात तर आणखी दोन पदं निघतात: n₁dμ₁ आणि n₂dμ₂. ऊर्जा तर वाढून चुकली, या जादा पदांना द्यायला काही उरलंच नाही. म्हणून ती दोन मिळून शून्य. यात कुठल्याही द्रवाचा स्वभाव आलेला नाही, त्यामुळे मिश्रण आदर्श असो वा नसो, नियम लागू.

ऊर्ध्वपात
मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत बरीच वर्षं काढली. आमचा विषय इथेनॉल-पाणी. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी ९५.६ टक्क्यांच्या वर इथेनॉल जात नाही हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. माझी समजूत अशी, की त्या बिंदूला इथेनॉलचा आणि पाण्याचा विभव सारखा होतो आणि म्हणून वेगळं होणं थांबतं. मग दोघांचे विभव एकमेकांकडे सरकत येतात असंच म्हणायला हवं ना? ‘विरुद्ध दिशेने’ असं लिहिलं तरी शेवटी ते भेटतातच.

पेठकर
नाही, ऊर्ध्वपातसाहेब, इथे दोन वेगळ्या बरोबऱ्या एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या बिंदूला समान होतं ते द्रवाचं आणि बाष्पाचं *संघटन*. इथेनॉलचा द्रवातला विभव त्याच्याच बाष्पातल्या विभवाइतका असतो, पाण्याचंही तसंच. पण हे समतोलाच्या प्रत्येक बिंदूला खरं असतं, ९५.६ टक्क्यांवरच नव्हे. इथेनॉलचा विभव पाण्याच्या विभवाइतका व्हायला हवा, असं तर कुठेच नाही. दोन वेगळ्या पदार्थांचे विभव आपापल्या शून्यापासून मोजलेले असतात, त्यांची तुलनाच अर्थहीन. हे समीकरण बदलांबद्दल बोलतं, मूल्यांबद्दल नाही.

ऊर्ध्वपात
बरं, हे पटलं. पण आमच्या स्तंभात खालच्या ट्रेला शंभरच्या आसपास आणि माथ्यावर ७८ च्या आसपास तापमान असतं. दाब साधारण एकच. तिथे ‘तापमान स्थिर’ ही अट कशी पाळणार?

पेठकर
पाळली जात नाहीच, आणि हा प्रश्न फार मोलाचा आहे. स्थिर दाबावर उकळवून गोळा केलेल्या आकड्यांत प्रत्येक संघटनाला तापमान वेगळं असतं. तिथे उजवीकडे शून्य राहत नाही, तापमानाचं एक पद येऊन बसतं. क्रियाशीलता गुणांक म्हणजे घटक आदर्श वागण्यापासून किती ढळतो त्याचं माप; त्यांच्या भाषेत ते पद मिश्रणउष्णतेवर अवलंबून असतं. उत्कलनबिंदू जवळजवळ असलेल्या जोडीत ते सोडून दिलं तरी फार बिघडत नाही. इथेनॉल-पाण्यात मात्र जपून. अबोली, तुमच्या वाक्यातली ‘तापमान आणि दाब स्थिर असताना’ ही अट कुणी संपादक लांबी कमी करायला कापेल, तेवढी मात्र कापू देऊ नका.

रेवा
प्रश्न विभवाचा आहे, पण मला प्रयोगशाळेतली एक जुनी गोष्ट इथे चपखल वाटते. ५० मिली पाणी आणि ५० मिली इथेनॉल मिसळलं की १०० मिली होत नाही, साधारण ९६ होतं. दोघांची मिश्रणातली मोलर आकारमानं बदलतात, आणि त्यांनाही नेमकं हेच समीकरण लागतं, फक्त μ च्या जागी V. आलेख काढला तर इथेनॉलचं आंशिक मोलर आकारमान ०.०८ मोल-अपूर्णांकाच्या आसपास तळ गाठतं, आणि पाण्याचं तिथेच शिखर गाठतं. वेगवेगळ्या ठिकाणी आले तर समजावं की वजन-मापात गडबड आहे. विद्यार्थ्यांना ‘व्यस्त’ वगैरे सांगण्यापेक्षा हा आलेख दाखवला तर पुरे.

अबोली
रेवा, छान! म्हणजे हे समीकरण चूक पकडायलाही वापरतात?

पेठकर
मुख्य उपयोग तोच, असं मी म्हणेन. समजा कुणी तक्ता आणला आणि पहिल्या घटकाचा मोल-अपूर्णांक ०.२५ असताना त्याच्या ln γ चा उतार उणे १.५ आहे, γ म्हणजे क्रियाशीलता गुणांक. मग दुसऱ्याचा उतार अधिक ०.५ यायलाच हवा, कारण ०.२५ गुणिले १.५ आणि ०.७५ गुणिले ०.५ दोन्ही ०.३७५ होतात. तक्त्यात तो १ दिसला तर मोजणी परत करा. मात्र जुळलं म्हणजे मोजणी बरोबर, असा उलटा अर्थ काढू नये. ln(γ₁/γ₂) च्या आलेखाखालची क्षेत्रफळं जुळवण्याची जी प्रचलित चाचणी आहे, तिच्यात भागाकार करताना एकूण दाब निघूनच जातो. दाबमापक चुकीचा असला तरी चाचणी खुशाल पास होते.

तळटीप
मग एकाचा विभव मोजला की दुसऱ्याचा आपोआप मिळतो असं लिहायला हरकत नाही ना? ‘आपोआप’ हा शब्द मला आवडतो.

पेठकर
‘आपोआप’ थोडं उदार होतंय. साखरेच्या पाकाचं पाहा. साखरेची वाफ होत नाही, म्हणून तिचा विभव थेट बाष्पदाबातून मोजता येत नाही. पाण्याचा बाष्पदाब मोजतात आणि या समीकरणाने साखरेचा विभव काढतात. पण मिळतो तो *बदल*, एका ठरवलेल्या संघटनापासूनचा. शिवाय पातळ टोकाला पंचाईत होते: साखरेचा मोल-अपूर्णांक ०.००१ असेल, तर पाण्याच्या विभवातली प्रत्येक चूक साखरेकडे जाताना जवळजवळ हजारपट होते. म्हणून त्या टोकाला मोजलेल्या आकड्यांऐवजी सैद्धांतिक मर्यादेचा आधार घेतात.

‘विभव’ की ‘वर्चस्’ यावर: गिब्जने १८७० च्या दशकातल्या मूळ निबंधात नुसतं ‘पोटेन्शियल’ म्हटलं होतं. मुलांना ‘विभवांतर’ शाळेतच भेटलेलं असतं, म्हणून माझं मत ‘विभव’ला.

रेवा
माझं नाही. ‘विभव’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर बॅटरी येते. ‘वर्चस्’ला निदान तो ओढा नाही.

तळटीप
‘वर्चस्’ला अर्थाचाच ओढा नाही, तो प्रश्न वेगळा!

अबोली
हा वाद माझ्याकडून मिटणार नाही, ‘विभव’ ठेवते. वाक्य असं केलं: ‘तापमान आणि दाब स्थिर असताना द्विघटकी मिश्रणात एका घटकाचा रासायनिक विभव वाढला तर दुसऱ्याचा घटतो, आणि या दोन बदलांची मापं घटकांच्या मोलसंख्यांच्या व्यस्त प्रमाणात असतात.’ चालेल?

पेठकर
चालेल. ‘सूक्ष्म बदलांची’ केलंत तर आणखी बरं, मघाशी ४९ आणि ५० आलेच होते.

ऊर्ध्वपात
एक शेवटचं. आमच्या मालात इथेनॉल-पाण्याबरोबर फ्यूझेल तेलही असतं. तीन घटक असले की हेच वाक्य लागू?

पेठकर
नाही. तिघांच्या n गुणिले dμ ची बेरीज शून्य, एवढंच उरतं. दोघांचे विभव एकत्र वाढू शकतात आणि तिसरा एकटा घटू शकतो. ‘एक वाढला तर दुसरा घटतो’ हे दोनच घटकांपुरतं. अबोली, पुढच्या प्रकरणात बहुघटकी मिश्रणं असतील तर हे वाक्य तिथे तसंच चिकटवू नका.

अबोली
आहेत ना! चौथ्या प्रकरणात. तिथलं वाक्य उद्या टाकते.