शब्दचर्चा: 'तात्पुरतं पूर्ण अपंगत्व' म्हणजे नेमकं काय?

कळव्याचा रेडर: आमच्या मंडळाने कबड्डीच्या पोरांचा गट अपघात विमा काढलाय, माणशी दोन लाखांचा. एकाचं रेड टाकताना गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं. पॉलिसीत 'तात्पुरतं पूर्ण अपंगत्व' असा शब्द आहे. तो सहा महिने खेळणार नाही, म्हणजे सहा महिन्यांचे पैसे मिळतील ना?

ऐरोलीकर: मिळणारच. मैदानात लागलं की तो अपघात, विषय संपला.

क्लेमवाली: इतकं सोपं नाही. मी बरीच वर्षं दावे तपासलेत. इथे 'पूर्ण' हा शब्द खेळाशी नाही, कामाधंद्याशी जोडलेला असतो. पोरगा काय करतो?

कळव्याचा रेडर: महापेला ऑफिसात बसून काम. सहा आठवडे घरी होता, आता जातो.

क्लेमवाली: मग धरून चला सहाच आठवडे. साधारणपणे आठवड्याला विमा रकमेचा एक टक्का मिळतो, म्हणजे दोन हजार, एकूण बारा हजार. अजून रेड टाकता येत नाही, याला पॉलिसीच्या लेखी किंमत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर कधीपासून कधीपर्यंत कामावर जाता येत नव्हतं त्या तारखा हव्यात, आणि ऑफिसचं रजेचं पत्र. ऑपरेशनचं बिल यात येत नाही. त्यासाठी 'वैद्यकीय खर्च' हे वेगळं कलम मंडळाने घेतलंय का ते बघा, नाहीतर त्याचा स्वतःचा मेडिक्लेम.

नौपाड्याची आई: माझा मुलगा कॉलेजात आहे, क्लबातून फुटबॉल खेळतो. त्याचा हात मोडला तेव्हा आठवड्याचे पैसे नाकारले. कमाई नाही म्हणून.

क्लेमवाली: हो ताई, बऱ्याच पॉलिसींत ही भरपाई कमावत्यालाच असते. शिकणारी पोरं जास्त असतील तर क्लबाने आठवड्याच्या भरपाईपेक्षा वैद्यकीय खर्चाच्या कलमावर पैसे घालावेत. आणि ऐरोलीकर, मैदानात हार्ट अटॅक आला तर तो आजार धरतात, अपघात नाही. गोलंदाजाचा झिजत गेलेला खांदाही नाही. दारू प्यायलेला असेल तर नाही. मानधन घेऊन खेळणाऱ्यांना तर कित्येक पॉलिसी मुळातच वगळतात.

ऐरोलीकर: पण मग गोविंदांना कसं मिळतं? तेही पडतातच.

क्लेमवाली: पडणं अचानक असतं, बाहेरून मार बसतो. तो अपघातच. तिथे अडतं ते यादीपाशी. नाव आधी दिलेलं नसेल आणि ऐनवेळी थरात उभा राहिला, तर संरक्षण नाही. मंडळांचंही तेच, बदली खेळाडूचं नाव आधी कळवा.

कळव्याचा रेडर: यादीत नाव आहे. पण केस पेपरवर 'खेळताना गुडघा मुरगळला' एवढंच आहे. त्याला कुणी धरलं नव्हतं, वळताना पाय मॅटला अडकला.

क्लेमवाली: इथे वाद होऊ शकतो. 'बाहेरून' काय लागलं असं कंपनी विचारेल. माझ्या मते मॅटला पाय अडकणं हे बाहेरचंच कारण आहे, पण उलट निर्णयही पाहिलेत. पंचांचं सहीचं पत्र आजच घ्या, त्यात मॅटचा उल्लेख हवा. एमआरआयच्या रिपोर्टात 'जुनी दुखापत' असं काही लिहिलंय का?

कळव्याचा रेडर: रिपोर्ट त्याच्याकडे आहे. संध्याकाळी बघून सांगतो.