मदत हवी आहे: मथळ्यात क्रियापदच नाही, मग ट्रान्झिटिव्हिटीचा तक्ता कसा भरायचा?

मृण्मयी_प
एमए भाषाविज्ञान, दुसरं वर्ष. सीडीए म्हणजे चिकित्सक संभाषित-विश्लेषणाच्या पेपरसाठी एका बातमीच्या मथळ्याचं विश्लेषण सोमवारी द्यायचं आहे. मथळा: ‘दगडफेक, लाठीमारात सहा जखमी’. यात पोलिसांना लपवलंय हे मला दाखवायचंय. मॅडमनी कच्चा मसुदा परत दिला आणि शेरा मारला, ‘प्रक्रिया कोणती? कर्मणी कुठे आहे?’ मथळ्यात क्रियापदच नाही, त्यामुळे तक्त्यातला प्रक्रियेचा रकाना रिकामा राहतोय. आमच्या नोट्समधली सगळी उदाहरणं इंग्रजी, तिथे ‘बाय पोलीस’ गाळलं की कर्ता गेला. मराठीत हे कसं दाखवायचं? सीडीए म्हणजे काय ते माहीत आहे, थेट उत्तर द्या प्लीज.

गुरुजी_वाईकर
बाळ, क्रियापद अध्याहृत आहे. ‘सहा जखमी झाले’. ‘होणे’ अकर्मक, म्हणून कर्म नाही. कर्म नाही म्हणजे सकर्मकता नाही. रकान्यात ‘अकर्मक’ लिहावे, विषय संपला.

अक्षरनोंद
गुरुजी, अध्याहृत क्रियापदाचं बरोबर आहे, पण इथली ट्रान्झिटिव्हिटी शाळेतल्या सकर्मक-अकर्मकापेक्षा मोठी आहे. भाषावैज्ञानिक हॅलिडेच्या पद्धतीत विचारायचं असतं की इथे काही केलं जातंय, काही घडतंय, की कुणाची नुसती अवस्था सांगितली आहे. त्यात कोण कोण आहे. आणि बाकीचं कुठल्या परिस्थितीत ढकललंय. अकर्मक वाक्यालाही तक्ता असतो.

मृण्मयी, मथळा एवढाच होता का? वरची छोटी ओळ, इंट्रो, काहीच दिलेलं नाहीस. ‘दगडफेक’च्या आधी काही होतं का?

रात्रपाळी
बरीच वर्षं डेस्कवर होतो, म्हणून सांगतो. लपवालपवी वगैरे काही नसतं. दोन कॉलममध्ये जे बसतं ते लिहायचं. लाठीमार पोलीसच करतात, वाचकाला ते सांगावं लागत नाही. ‘पोलिसांच्या’ हा शब्द फुकट जागा खातो.

मृण्मयी_प
हो, आधी ‘अतिक्रमण कारवाईदरम्यान’ होतं. ते मुद्द्याचं वाटलं नाही म्हणून गाळलं. पूर्ण मथळा: ‘अतिक्रमण कारवाईदरम्यान दगडफेक, लाठीमारात सहा जखमी’. इंट्रो घरी आहे, रात्री टाकते. पण प्रश्न मथळ्याचाच आहे.

अक्षरनोंद
गाळलेलेच दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे निघतील. आधी तक्ता भरू.

अध्याहृत क्रियापद परत बसव, पण मराठी वाचक जे आपोआप बसवतो तेच. पहिल्या अर्ध्यात तो ‘दगडफेक झाली’ असं वाचतो. ‘केली’ बसवायचं तर ‘कुणी’ला उत्तर लागतं, आणि ते मथळ्यात नाही. म्हणजे ही अस्तित्ववाचक प्रक्रिया: अमुक एक गोष्ट घडली, बस. दुसऱ्या अर्ध्यात ‘सहा जण जखमी झाले’: अवस्था आणि ती धारण करणारे सहा. मारणं ही खरी भौतिक क्रिया कुठे गेली? ‘लाठीमारात’मध्ये. ती आधी नाम झाली, मग ‘-त’ लागून परिस्थितीच्या रकान्यात गेली. ‘कारवाईदरम्यान’चं तेच. करणं, मारणं, पाडणं हे सगळं परिस्थितीत आणि प्रक्रियेच्या रकान्यात नुसतं ‘होणं’. तुझा रकाना रिकामा नाही. त्यात ‘झाली’ आणि ‘झाले’ आहेत, आणि हाच निष्कर्ष आहे.

आता रात्रपाळींचा मुद्दा. मला तो निम्मा पटतो. ‘लाठीमार’चा कर्ता शब्दातच आहे, त्यामुळे ‘पोलीस लपवले’ हा दावा टिकणार नाही. शिवाय ‘दगडफेक’लाही कर्ता नाही. फक्त एकीकडचा गाळलेला कर्ता दाखवलास तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

सुलभा_कल्याण
आमच्या गल्लीतली भिंत पडली तेव्हा छापून आलं, ‘भिंत कोसळून दोघे जखमी’. शेजारच्या प्लॉटवर खोदकाम चालू होतं, आम्ही सगळे महिनाभर ओरडत होतो. भिंत काय आपण होऊन कोसळते का? अशा वेळी पेपरवाल्यांना खुलासा छापायला लावता येतो का? कुणाकडे अर्ज करायचा?

रात्रपाळी
ताई, आधी संपादकांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. पण खोदकामामुळे पडली हे चौकशीआधी छापलं असतं तर त्या बिल्डरनं दुसऱ्या दिवशी नोटीस पाठवली असती. ‘कोसळून’ लिहिणं ही त्या रात्रीची सुरक्षित जागा असते.

अक्षरनोंद
सुलभाताईंचं उदाहरण विषयाला धरून आहे. मराठीत पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे अशा जोड्या आहेत. कर्ता नको असेल तर कर्मणीची गरजच पडत नाही, जोडीतलं पहिलं रूप घेतलं की झालं. आणि दुसरं घेतलं तरी ‘शंभर झोपड्या पाडल्या’ हे पूर्ण वाक्य वाटतं. ‘पाडल्या’ झोपड्यांशी जुळतं, ‘-नी’वाला कर्ता नसला तरी व्याकरण हूं की चूं करत नाही. कर्मणी नसतानाही कर्ता गेला, हे मॅडमच्या शेऱ्याचं उत्तर.

गुरुजी_वाईकर
इथे मी अडवतो. ‘झोपड्या पाडल्या’ हा कर्मणी प्रयोगच आहे. क्रियापद कर्माप्रमाणे चालते, मराठी व्याकरणात यालाच कर्मणी म्हणतात. तुम्ही ज्याला कर्मणी म्हणता ते ‘पाडल्या गेल्या’, ते इंग्रजीवरून बेतलेले.

अक्षरनोंद
मान्य, गुरुजी. प्रयोगाच्या हिशेबाने तुमचं म्हणणं बिनचूक आहे. मग मृण्मयीनं मॅडमना आधी हेच विचारावं, की शेऱ्यातला कर्मणी कोणता.

प्रवासी_पक्षी
या विषयातलं प्रसिद्ध उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं आहे ना? पोलिसांनी गोळीबार केला आणि लंडनच्या टाइम्सनं कर्मणी वापरून पोलिसांना गायब केलं. तेच छापून टाक, काम झालं.

अक्षरनोंद
दक्षिण आफ्रिका नाही, ऱ्होडेशिया; आजचा झिम्बाब्वे. 1 जून 1975, रविवार, सॉल्झबरीची हायफिल्ड वस्ती. टाइम्सच्या मथळ्यातली ‘एएनसी’ वाचून दक्षिण आफ्रिकेच्या एएनसीशी गल्लत होते, पण ती ऱ्होडेशियातली वेगळी संघटना. टोनी ट्र्यू या अभ्यासकानं त्या बातम्या दिवसागणिक तपासल्या. आणि टाइम्सच्या पहिल्या मथळ्यात पोलीस गायब नव्हते! वाक्य कर्मणी होतं, पण ‘पोलिसांकडून’ तिथे होतं. फरक क्रमाचा होता: आधी ‘दंगल करणारे कृष्णवर्णीय’, मग गोळ्या, मग पोलीस. गार्डियननं पोलिसांनाच पहिलं ठेवलं, दंगल शेवटी स्थळासारखी आली. दुसऱ्या दिवशी मृतांचा आकडा 11 वरून 13 वर गेला आणि टाइम्सच्या अग्रलेखात उरली ती दंगल आणि ‘दुःखद जीवितहानी’. ‘जीवितहानी’ला कर्ता लागत नाही. कर्ता पहिल्या मथळ्यात पुसला गेला नाही, पुढच्या मजकुरात पायरीपायरीनं पुसला गेला. म्हणून एका मथळ्यावर थांबू नये, इंट्रो टाक म्हणतोय.

मृण्मयी_प
हा इंट्रो: ‘महापालिकेच्या पथकाकडून अतिक्रमणे हटविण्याची कारवाई सुरू असताना जमावाने दगडफेक केल्याने पोलिसांनी सौम्य लाठीमार केला. यात दोन पोलिसांसह सहा जण जखमी झाले.’ इथे तर सगळे कर्ते आले! मग माझा मुद्दाच गेला का?

अक्षरनोंद
गेला नाही, जागा बदलली. तीन गोष्टी बघ.

मथळ्यात सहाही जण ‘लाठीमारात’ जखमी आहेत. इंट्रोत ‘यात’ आहे आणि सहांमध्ये दोन पोलीस आहेत. पोलिसांना पोलिसांची लाठी लागली नसणार, ते बहुधा दगडानं जखमी झाले. म्हणजे मथळ्यानं कर्त्यापेक्षा मार खाणाऱ्यांना धूसर केलंय: सहा कोण, कुणाला कशानं लागलं, काहीच कळत नाही. आणि गंमत नाही, गंभीरपणे सांगतो, ही चूक पोलिसांच्या विरुद्ध जाते. ‘मथळा पोलिसांच्या बाजूचा’ असं सरसकट लिहू नकोस.

दुसरं, ‘केल्याने’. कर्ते परत आले ते कारणाच्या साखळीत बांधूनच. जमावानं केलं म्हणून पोलिसांनी केलं. ‘जमावाने दगडफेक केली, पोलिसांनी लाठीमार केला’ असं लिहून बघ, तेच कर्ते, तोच क्रम, पण समर्थन निघून जातं.

तिसरं, तू गाळलेला ‘अतिक्रमण’. हेही नाम झालेलं क्रियापदच. कुणीतरी अतिक्रमण करतं, आणि तो कर्ता म्हणजे तिथे राहणारे. पाडली गेली ती घरं किंवा दुकानं, पण मथळ्यात आणि इंट्रोत त्यांचं नाव त्यांच्या मालकांच्या कथित कृत्यावरून पडलंय. ‘लाठीमार’चा कर्ता वाचक सहज सांगतो. ‘अतिक्रमण’ हे कृत्य आहे, त्याला कर्ता आहे, त्याबद्दल वाद असू शकतो, हे मात्र त्याच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते नामीकरणाचं खरं काम इथे झालंय.

रात्रपाळी
अहो, ‘अतिक्रमण’ हा शब्द महापालिकेच्या प्रेसनोटमधून येतो. ‘सौम्य लाठीमार’ पोलीस ठाण्यातून. रात्री साडेदहाला वस्तीत फोन कोण करणार? बातमीदाराच्या हातात दोन कागद असतात, त्यांची एक कॉपी होते. भाषेत विचारधारा शोधण्याआधी हे बघा.

अक्षरनोंद
तुम्ही माझंच काम सोपं केलंत. कागद कुणाचे आले यावरच कुणाची नामं छापली जातात ते ठरतं. मृण्मयीनं हे लिहायलाच हवं, नाहीतर सगळं खापर उपसंपादकाच्या माथी फुटेल. पण जागेचा युक्तिवाद तपासता येतो. ‘बिबट्याच्या हल्ल्यात महिला जखमी’ असा मथळा सगळेच करतात. तिथे ‘बिबट्याच्या’ला जागा मिळते.

रात्रपाळी
कारण हल्ला कुणीही करू शकतं! लाठीमार कोण करणार दुसरं? तुलना चुकीची आहे.

अक्षरनोंद
मग ‘गोळीबारात तीन ठार’ घ्या. गोळीबार पोलीसही करतात, टोळ्याही. मृण्मयी, त्याच पेपरचे महिनाभराचे मथळे काढ. गोळीबार, मारहाण, धडक अशी नामं जिथे आलीत तिथे आधी षष्ठीत कर्ता आहे का, आणि असेल तर तो कोण, एवढंच मोज. पोलीस कर्ता असताना षष्ठी गळते आणि इतर वेळी टिकते, असं दिसलं तर जागेचं कारण पुरत नाही. दोन्हीकडे सारखीच गळत असेल तर रात्रपाळींचं खरं. एका मथळ्यावरून हे ठरत नाही.

मृण्मयी_प
सोमवारपर्यंत महिनाभराचे मथळे होणार नाहीत. ‘झाली/झाले’चा तक्ता, सहा जखमींचा घोळ आणि ‘अतिक्रमण’ एवढं घेते. ‘सौम्य’ कुठे बसवू? तो तर विशेषण आहे, ट्रान्झिटिव्हिटीत येतो का?

गुरुजी_वाईकर
‘सौम्य’ हे ‘लाठीमार’ या नामाचे विशेषण. ‘मारला’ असे क्रियापद असते तर क्रियाविशेषण लागले असते, ‘सौम्यपणे मारले’. तसे कुणी छापेल का, पाहा.

अक्षरनोंद
गुरुजींचं हे वाक्य तसंच तक्त्याखाली लिही. क्रिया नाम झाल्यामुळेच तिला ते विशेषण चिकटू शकलं.

सुलभा_कल्याण
प्रेस कौन्सिलला अर्ज मराठीत चालतो का?