माळकऱ्याच्या मेंदूत टेपवर्म?

> मामा माळकरी, अंड्यालाही शिवत नाहीत. फिटचा झटका आला, लातूरला एमआरआयमध्ये टेपवर्मची गाठ निघाली. कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातली टेपवर्मची अळी खाल्ली, तर आतड्यात दोन-तीन मीटरचा जंत वाढतो. ती अळी मेंदूत जात नाही. मात्र असा जंत असलेल्या माणसाच्या संडासातून अंडी बाहेर पडतात. न धुतलेल्या हातांनी किंवा कच्च्या कोथिंबिरीतून ती मामांच्या पोटात गेली असणार. अंड्यातली अळी आतडं भेदून रक्तावाटे मेंदूत जाते आणि तिथं पुटकुळी होऊन बसते. तिचा लांब जंत कधीच होत नाही.

झटका बहुधा अळी मरताना सूज आली की येतो. म्हणून अल्बेंडाझोल या जंताच्या औषधासोबत स्टेरॉइड देतात. मेडिकलवरून जंताची गोळी परस्पर आणू नका बरं! घरच्यांची, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्यांची, संडास तपासून घ्या.